क्वार्टर, कावीळ आणि जलोदर

नर्मदेच्या काठापासून पाच किलोमीटरच्या आत दारूचं दुकान नको, असं मध्य प्रदेश सरकारनं 2017 साली ठरवलं. जबलपूरजवळचं भेडाघाट तर नदीच्या कुशीतच वसलेलं. दुकान लांब गेलं की पिणारा मोटारसायकल काढतो, नाहीतर आसपासच्या पाड्यांवर मोहाची मिळतेच. बाटलीवर निदान टक्केवारी छापलेली असते. मोहाच्या दारूत पहिल्या धारेची कडक आणि शेवटची फिकी एवढाच हिशेब, आणि डॉक्टरांनी ‘किती पिता?’ विचारलं तर सांगणाऱ्यालाही खरं माप ठाऊक नसतं.

यकृत मात्र नेमकं मोजतं. 42.8 टक्के ताकदीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज साठ ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांच्या यकृतात चरबी साठते. म्हणजे रोजचा ‘एक क्वार्टरवाला’ स्वतःला बेताचा पिणारा समजत असला, तरी यकृताच्या लेखी तो भरपूर पिणारा आहे.

चरबी का साठते, याचं उत्तर सोपं आहे. यकृताला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून ते हातातली कामं बाजूला टाकून आधी त्याची विल्हेवाट लावतं. त्यात पेशींचं रसायन असं उलटतं, की चरबी जाळणं मंदावतं आणि नवी चरबी बनणं वाढतं. ‘चांगलं खाल्लं की दारू बाधत नाही’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. न्यूयॉर्कच्या रुबिन आणि लीबर यांनी 1968 मध्येच तो खोडून काढला होता. त्यांनी स्वयंसेवकांना सकस आहार देऊन वर दारू दिली, तरी थोड्याच दिवसांत यकृतात चरबी दिसू लागली. मटणाचं ताट यकृताला वाचवत नाही.

या टप्प्यावर काही दुखत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून येतं आणि कागद कपाटात जातो. खरं तर सगळ्यात स्वस्तात सुटण्याची हीच वेळ. दारू पूर्ण थांबली, तर बहुतेकांची चरबी चार ते सहा आठवड्यांत ओसरते आणि औषधही लागत नाही. मात्र सोबत मधुमेह किंवा सुटलेलं पोट असेल, तर त्यामुळे साठलेली चरबी वेगळी. ती दारू सोडून आपोआप जात नाही.

पुढचा टप्पा म्हणजे हिपॅटायटिस, यकृताचा दाह. एक नमुना घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण आकडे दवाखान्यात नेहमी दिसतात तसे. वय 44, भेडाघाटला नाव चालवणारा. बारा वर्षं रोज क्वार्टर. पावसाळ्यात नौकाविहार बंद, हाताला काम नाही, म्हणून माप दुप्पट. ऑगस्टमध्ये डोळे पिवळे झाले. घरचे म्हणाले, पावसाळ्यातली पाण्याची कावीळ आहे. कावीळ झाडणाऱ्याकडे दोन आठवडे गेले.

रक्ताचा एक कागद ही गफलत सोडवू शकला असता. दूषित पाण्याच्या काविळीत एएलटी आणि एएसटी ही यकृताची विकरं बहुधा हजारांत जातात आणि एएलटी वरचढ असतं. दारूच्या काविळीत उलटं होतं. एएसटी दीडपटीहून अधिक वरचढ, पण दोन्ही चारशेच्या आत. आपल्या नावाड्याचं एएसटी 148, एएलटी 56, बिलिरुबिन 12. रक्त गोठायला 21 सेकंद, निरोग्याला 13. डॉक्टर या फरकाला, म्हणजे 8 ला, 4.6 ने गुणतात आणि त्यात बिलिरुबिन मिळवतात. उत्तर 48.8. हे गणित 32 किंवा त्याच्या वर गेलं की आजार गंभीर, आणि उपचार नसतील तर अशांपैकी वीस ते पन्नास टक्के महिन्याभरात दगावतात. कागदावर ‘फक्त 148’ दिसलं म्हणून निवांत राहणारे नातेवाईक म्हणूनच फसतात. विकरं किती वाढली यावर धोका ठरत नाही. यकृताचं काम किती थांबलं, यावर ठरतो.

आधी कुठे जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहतात. मगच रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू होतं. सातव्या दिवशी पुन्हा रक्त. बिलिरुबिन नीट उतरत नसेल, तर औषध बंद करतात, कारण पुढे त्याचा फायदा कमी आणि संसर्गाचा धोका जास्त. आपल्या नावाड्याचं बारावरून सातवर आलं, म्हणून अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले. पण स्टिरॉइडबद्दल फार आशा धरू नये. 2015 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत पहिल्या महिन्यापुरता थोडा फायदा दिसला, नव्वद दिवसांनंतर काहीच नाही. त्यापुढचं आयुष्य बाटली बंद राहते की नाही यावरच ठरतं.

चरबी, दाह, सिरॉसिस अशी ओळीनं तीन स्थानकं छापलेली असतात, ते चित्र मला फसवं वाटतं. दारूच्या तीव्र हिपॅटायटिसनं दाखल होणाऱ्या अनेकांच्या यकृतात आत आधीच सिरॉसिस मुरलेला असतो. काविळीनं फक्त तो उघडा पाडलेला असतो. दाहामुळे यकृतातल्या काही पेशी चिवट तंतू विणू लागतात. आधी तुरळक, मग एका भागाला दुसऱ्याशी सांधणारे, शेवटी साऱ्या यकृताला गाठाळ करणारे. गाठाळपणा येण्याआधीचा तंतुमय टप्पा दारू थांबल्यावर बराच मागे जाऊ शकतो. यकृत किती ताठर झालं हे फायब्रोस्कॅन सांगतो, पण काविळीच्या ऐन भरात केलेला स्कॅन फसवतो. सुजलेलं यकृतही ताठरच लागतं. नावाड्याचं मोजमाप दवाखान्यात 38 किलोपास्कल होतं, तेव्हा घरच्यांनी आशाच सोडली. चार महिने न पिता पुन्हा मोजलं, तर 16. हेही सिरॉसिसच्या पट्ट्यातलंच, पण पोटात पाणी नाही, रक्ताची उलटी नाही, भान शाबूत. म्हणजे यकृत अजून काम निभावतंय.

सिरॉसिसचे खरे भाग दोनच आहेत: निभावणारा आणि न निभावणारा. जलोदर, रक्ताची उलटी, झोपेचं चक्र उलटून भ्रम होणं, यांतलं एकही झालं की दुसरा भाग सुरू. ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य इथे सर्रास ऐकू येतं, आणि ते पुरतं खरं नाही. 2023 मधल्या व्हिएन्नाच्या एका अभ्यासात जलोदरासारखी लक्षणं आलेल्या आणि नंतर दारू पूर्ण सोडलेल्या दोनशेएक रुग्णांपैकी सुमारे 18 टक्के औषधांशिवाय पुन्हा निभावू लागले. पाचातला एकही नाही, हे मान्य. पण ही संख्या शून्य नाही. यकृत मऊ झालं नाही तरी माणूस घरी परततो. उरलेल्यांसाठी प्रत्यारोपणाचा विचार वेळेत व्हावा लागतो.

घरच्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नवऱ्याला किंवा मुलाला न सांगता जेवणात डायसल्फिराम मिसळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते औषध स्वतःच यकृताला इजा करू शकतं, आणि नकळत दिलेलं असताना तो प्यायला तर जीवावर बेतू शकतं. दुसरं, रोज पिणाऱ्याला एका रात्रीत घरात कोंडून सोडवू नका. दोन ते चार दिवसांत भ्रम आणि झटके येऊ शकतात. दारू देखरेखीखाली सोडवावी लागते आणि थायामिन द्यावं लागतं. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर फोन करा.