पदर आवळायचा नाही, सरकवायचा (फोटोची दुरुस्ती : भाग सातवा)

साठीच्या कार्यक्रमाचा फोटो आहे. खुर्चीत बसलेल्या बाई, अंगावर जांभळी पैठणी, अंगभर छोट्या बुट्ट्या, नारळी काठ. चेहरा सुरेख आलाय, हातही छान पडलेत. पण डाव्या खांद्यावरच्या पिनेपासून उतरणाऱ्या पदराच्या प्लेट्स मात्र बिघडल्यात. तिसऱ्या आणि चौथ्या प्लेटमध्ये भलतंच अंतर पडलंय आणि पाचवी प्लेट चौथीच्या खाली जवळजवळ गडप झालीय. शिवाय छातीपाशी काठाचा एक तुकडा आत दुमडला गेलाय. फोटो काढताना कोणाच्याच लक्षात आलं नाही. आता मुलगी म्हणते, “आईचा हाच फोटो मोठा करून लावायचाय, तेवढा पदर नीट करून द्या.”

अशा वेळी नवशिक्या माणसाचा हात सरळ Liquify कडे जातो. मोठा ब्रश घेऊन तो रुंद प्लेट आत ढकलतो आणि अरुंद प्लेट बाहेर ओढतो. साधी, एकरंगी साडी असती तर हे खपलंही असतं. इथे प्रत्येक प्लेटवर बुट्टी आहे. रुंद प्लेट आवळली की तिच्यावरची गोल बुट्टी उभट होते, आणि अरुंद प्लेट ताणली की कापडाची वीण फाकते. बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण साडी रबराची वाटायला लागते. खरं कापड आवळत नाही. ते एका थराखालून दुसऱ्या थरावर सरकतं. आपण आरशासमोर पदर नीट करतो तेव्हा प्लेटची घडी तशीच राहते, फक्त ती वरच्या प्लेटखाली थोडी आत जाते. फोटोतही हेच करायचं आहे.

त्याआधी बुट्ट्यांचा हिशोब समजून घ्यायला हवा. नक्षी अखंड ठेवायची म्हणजे एका प्लेटवरची बुट्टी शेजारच्या प्लेटवर जशीच्या तशी पुढे चालू ठेवायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते चूक आहे. दोन घड्यांच्या मध्ये बरंच कापड आत लपलेलं असतं, त्यामुळे घडीच्या कडेवर नक्षी तुटायलाच हवी. प्रश्न एवढाच, की ती किती तुटायला हवी.

याच फोटोत बघा. मांडीवर साडी सपाट पडली आहे, तिथे मी Ruler Tool लावून मोजलं. बुट्ट्यांच्या दोन उभ्या रांगांमध्ये 160 पिक्सेल अंतर आहे. बाईंच्या घरी जाऊन साडी प्रत्यक्ष मोजली तेव्हा ते 4 सेंटिमीटर भरलं, म्हणजे या फोटोत 1 सेंटिमीटर म्हणजे 40 पिक्सेल. एक सोडून एक रांग अर्ध्या अंतराने खाली सरकलेली आहे, विटांच्या भिंतीसारखी. प्लेट 8 सेंटिमीटर रुंद आहे. कापड एका बाजूला 8 जातं आणि आतून 8 परत येतं, म्हणजे एका घडीच्या कडेपासून पुढच्या घडीच्या कडेपर्यंत 16 सेंटिमीटर कापड लागतं. त्यात बुट्ट्यांच्या बरोबर चार रांगा बसतात. चार ही समसंख्या असल्यामुळे प्रत्येक प्लेटवर बुट्टी घडीच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आणि सारख्याच उंचीवर येते. हीच प्लेट 6 सेंटिमीटरची असती तर मध्ये तीन रांगा गेल्या असत्या आणि शेजारच्या प्लेटवरची बुट्टी अर्धं पाऊल खाली दिसली असती. घरी घातलेल्या प्लेट्स इतक्या काटेकोर नसतात. म्हणून गणितावर विसंबू नका. फोटोत जिथे दोन प्लेट्स चांगल्या बसल्यात, तिथे बुट्ट्या एका पातळीत आहेत की अर्धं पाऊल खाली, ते डोळ्यांनी बघून घ्या.

या फोटोत पहिली, दुसरी आणि तिसरी प्लेट चांगली आहे. छातीपाशी प्रत्येकीचा 4 सेंटिमीटरचा पट्टा दिसतो आणि बुट्टी घडीच्या कडेपासून 3 सेंटिमीटर आत आहे. चौथीचा पट्टा 6 सेंटिमीटर दिसतोय, पाचवीचा फक्त 2. म्हणजे चौथी तिसरीखाली 2 सेंटिमीटर आत गेली की दोन्ही चुका एकदमच सुटतात.

चौथ्या प्लेटचा पट्टा Pen Tool ने कापून वेगळ्या थरावर घ्यायचा. कापताना तिच्या घडीच्या कडेवर जास्त लक्ष द्या, कारण शेवटी तीच कड दिसणार आहे. आता हा पट्टा बाजूला सरळ सरकवायचा नाही. सगळ्या प्लेट्स खांद्यावरच्या एका पिनेत अडकलेल्या आहेत आणि तिथून पंख्यासारख्या उघडतात. पट्टा सरळ सरकवला तर तो पिनेतून सुटल्यासारखा दिसतो. म्हणून Free Transform उघडायचं आणि फिरण्याचा मध्यबिंदू बरोबर पिनेवर नेऊन ठेवायचा. नव्या आवृत्तींत हा बिंदू मुळात लपलेला असतो, वरच्या पट्टीत त्याच्या चौकोनात टिक केली की दिसतो. पिनेपासून छातीपर्यंतचं अंतर इथे 1800 पिक्सेल आहे आणि प्लेट तिथे 80 पिक्सेल आत जायला हवी. त्याला साधारण अडीच अंशांचा कोन पुरतो. पट्टा फिरवून झाला की मगच त्याला Layer Mask लावून तिसऱ्या प्लेटच्या कडेबाहेरचा भाग झाका. आधी मास्क लावला तर तोही प्लेटबरोबर फिरतो आणि कड तिरपी होते.

आता चौथी आत गेल्यामुळे पाचव्या प्लेटवर एक जागा उघडी पडते, पिनेपाशी शून्य आणि छातीपाशी 80 पिक्सेल रुंद, पाचरीच्या आकाराची. तिथलं कापड फोटोत कधी आलंच नव्हतं. सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं.

पाचव्या प्लेटवर आधी बुट्टी दिसत नव्हती, कारण तिचा 2 सेंटिमीटरचाच पट्टा उघडा होता आणि बुट्टी असते 3 सेंटिमीटरवर. आता 4 दिसणार म्हणजे बुट्टी दिसायलाच हवी. ही जागा नुसत्या जांभळ्या रंगाने भरली तर पाचवी प्लेट कोणत्या तरी दुसऱ्या साडीची वाटेल. कापड तिसऱ्या प्लेटवरून आणायचं. तिसरी आणि पाचवीमध्ये आठ रांगांचं अंतर आहे, म्हणून बुट्ट्यांची पातळी जुळते. Clone Stamp वापरताना उगम तिसऱ्या प्लेटच्या घडीच्या कडेवर ठेवा, रंगवायला सुरुवात पाचवीच्या कडेवर त्याच पातळीला करा आणि दोन प्लेट्सच्या कोनात जेवढा फरक असेल तेवढं Clone Source मध्ये फिरवून घ्या. मग बुट्टी आपसूक 120 पिक्सेलवर येते.

छातीपासून पिनेकडे वर जाताना पाचवीचा उघडा पट्टा अरुंद होत जातो. एका जागेनंतर चौथीची कड बुट्टीला अर्ध्यातच कापते, आणखी वर बुट्टी पुरतीच झाकली जाते. शिकणाऱ्यांना ती कापलेली बुट्टी बघवत नाही, म्हणून ते तिला उचलून पट्ट्याच्या मध्यात पूर्ण बसवतात. तसं कधीही करू नका. कापड आत जातंय हे डोळ्याला त्या कापलेल्या बुट्टीवरूनच कळतं.

क्लोनिंगचा आणखी एक धोका मला फार वर्षांपूर्वी एका आजींनी दाखवला. फोटो हातात घेऊन त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या साडीला एकाच बुट्टीपाशी धागा निघालाय, इथे तर तीन ठिकाणी दिसतोय!” मी एकच बुट्टी तीनदा वापरली होती, धाग्यासकट. तेव्हापासून प्रत्येक नवी बुट्टी वेगळ्या बुट्टीवरून घेते, आणि निघालेला धागा, जरीचा तुटका टाका, सुरकुती असं काही ओळखीचं असेल ती बुट्टी सोडून देते.

नक्षी जुळली तरी उजेड जुळवायचा उरतोच. फोटोत उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. चौथी प्लेट आत सरकली तेव्हा तिच्यावरची जुनी सावली तिसरीखाली झाकली गेली, म्हणून तिसरीच्या कडेला लागून नवी सावली घालावी लागते. त्यासाठी वरती Multiply थर घेऊन मऊ ब्रशचा Flow अगदी कमी ठेवा. पण रंग काळा घेऊ नका. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड धूपछाँव होतं, घडीत वळलं की रंगच बदलतो. या साडीची सावली काळपट नाही, लालसर आहे. काळ्याने ती मळकट दिसते. म्हणून शेजारच्या खऱ्या घडीच्या खोबणीतला रंग Eyedropper ने उचलायचा. जरीलाही हेच लागू आहे. घडीच्या माथ्यावर ती चकाकते, खोबणीत तपकिरी होते. नवीन बुट्टी उजळ प्लेटवरून आणली असेल तर खोबणीजवळ तिची चकाकी कमी करा.

आता काठ. छातीपाशी दुमडलेल्या काठाची लांबी 240 पिक्सेल आहे. त्या भागात एक नारळ 60 पिक्सेलचा, म्हणजे आत चार नारळ हरवलेत. नुसती मोजदाद करून चार नारळ चिकटवले की मात्र वरच्या टोकाला सांधा चुकतो, कारण खांद्याकडे वळताना काठ आपल्यापासून लांब जातो आणि तिथे एक नारळ 52 पिक्सेलचाच दिसतो. चौघांची बेरीज 240 च राहायला हवी, पण खालचा नारळ मोठा आणि वरचा लहान. मी चार नारळांची पट्टी एका थरावर घेऊन Puppet Warp ची एकेक पिन दोन्ही टोकांच्या सांध्यांवर आणि एक मध्ये लावते. मग मधली पिन थोडी वर ओढली की खालचे दोन नारळ पसरतात, वरचे दोन आवळतात. इथे आवळणं चालतं, कारण खऱ्या कापडातही ते दृष्टीमुळे तसंच दिसतं. शेवटी खांद्यापासून मांडीपर्यंतचे सगळे नारळ एकेक करून मोजा आणि सांध्यावर अर्धा नारळ राहिला नाही ना, ते बघा. आणि एक, नारळ दोन्ही बाजूंनी सारखा असतो म्हणून तो उलटवून वापरता येतो, पदरावरचा मोर मात्र कधीही उलटवू नका. उलट तोंडाचा मोर साडीची मालकीण पहिल्यांदा बघेल.

काम झाल्यावर चित्र 25 टक्क्यांवर नेऊन बघा. चुकीची बुट्टी मोठ्या आकारात लपते, पण लहान आकारात रांग मोडल्यासारखी लगेच दिसते. चित्र क्षणभर आडवं उलटवलंत तर वाकडी घडीही डोळ्यात भरते. फक्त ते परत सुलटवायला विसरू नका, नाही तर पदर उजव्या खांद्यावर जाईल.

या फोटोत कोपराजवळची एक सैल चुणी मी तशीच ठेवली. हात वाकला की तिथे कापड गोळा होतंच, आणि ती चुणी काढली असती तर तो हात साडीच्या आत नाही, साडीवर चिकटवल्यासारखा दिसला असता. पुढच्या आठवड्यात कमरेखालच्या निऱ्या घेऊ. तिथे काठ जमिनीला समांतर चालतो आणि प्रत्येक निरीला तो वेगळ्या कोनात वळतो, म्हणून हिशोब पिनेपासून नाही, पायाच्या चवड्यापासून सुरू होतो.