फोटोतल्या ड्रॉइंगच्या ओळी

भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आता बरीच कामं मोबाइलवर आलेल्या ड्रॉइंगच्या फोटोवरून सुरू होतात. कागद दुमडलेला असतो, एका कोपऱ्यावर सावली पडलेली असते. अशा फोटोतली माहिती साध्या ओळींत उतरवली की ती शोधता येते, कोटेशनला वापरता येते आणि तपासता येते. समजा, एका पायऱ्यांच्या शाफ्टचं ड्रॉइंग आलं आहे.

सुरुवात टायटल ब्लॉकपासून करावी. उजवीकडे खाली असलेल्या या चौकटीत भागाचं नाव, मटेरियल, स्केल आणि रिव्हिजन असतं. मग मापं डावीकडून उजवीकडे, एका ओळीत एकच. शेवटी टिपा, त्यांच्या मूळ क्रमांकांसह.

```
टायटल: शाफ्ट, EN8, स्केल 1:1, रिव्हिजन B
माप: एकूण लांबी 160
माप: डावी पायरी Ø25 h7, लांबी 35
माप: मधली पायरी Ø40, लांबी 80
माप: उजवी पायरी Ø30, लांबी (45)
टीप 1: सर्व मापं मिमीमध्ये
टीप 2: टॉलरन्स ISO 2768-m
```

यात सर्वात नाजूक आहे ते h7. लहान अक्षर शाफ्टसाठी, मोठं अक्षर छिद्रासाठी. Ø25 h7 म्हणजे व्यास 24.979 ते 25.000 मिमी. तेच H7 लिहिलं गेलं तर 25.000 ते 25.021, आणि तसा शाफ्ट 25 H7 च्या छिद्रात सहज बसेलच असं नाही. अक्षर गळूनच गेलं, तर दुसरी टीप लागू होते आणि 24.8 ते 25.2 पर्यंत काहीही चालेल असा अर्थ निघतो. म्हणून सगळी अक्षरं मोठी करून टाकणारं टायपिंग इथे घातक ठरतं. व्यासाचं Ø हे चिन्हही फोटोत शून्यासारखं दिसतं. 025 असं काही उतरलं असेल तर मूळ जागा पुन्हा पाहावी.

45 भोवतीचा कंस शोभेचा नाही. ते माप फक्त माहितीसाठी दिलेलं असतं, इन्स्पेक्शनसाठी नाही. कंस सुटला की त्या लांबीलाही टॉलरन्स लागू झाल्यासारखं होतं. त्या मापाचा दुसरा उपयोग पडताळणीचा: 35, 80 आणि 45 यांची बेरीज 160 येते. घडीमुळे 35 चा 85 वाचला गेला, तर बेरीज 210 होते आणि चूक लगेच पकडली जाते. व्यासाच्या बाबतीत अशी बेरीज मदतीला येत नाही.

अंक पुसट असेल तर अंदाजाने भरू नये. फोटोवर पट्टी ठेवून मोजणंही निरुपयोगी, कारण तिरप्या कोनातून काढलेल्या फोटोत प्रमाण बिघडलेलं असतं. तिथे ‘Ø3? – दुसरा अंक अस्पष्ट’ असं लिहून त्याच भागाचा जवळून, समोरून काढलेला फोटो मागवावा. टायटल ब्लॉकची कड फोटोत कापली गेली असेल, तर रिव्हिजनचं अक्षर आधी विचारावं. B नंतर C निघालेलं असल्यास उतरवलेली मापं जुनी असू शकतात.