घड्याळ मागे का जातं?

सकाळी संगणक सुरू केला तर तारीख १ जानेवारी २०१२. ब्राउझर उघडला तर प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा, कारण त्या तारखेला साइटचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं. आमच्या घरचा डेस्कटॉप आठवडाभर असा वागत होता. गंमत म्हणजे भिंतीवरचं बटण चालू ठेवून नुसता शटडाउन केला, की वेळ बरोबर राहायची.

गोम तिथेच होती. प्लगमध्ये वीज असेपर्यंत मदरबोर्डवरच्या घड्याळाला ती मिळते. बटण बंद केलं की ते सीमॉस बॅटरीवर, म्हणजे रुपयाच्या नाण्यासारख्या ३ व्होल्टच्या सेलवर चालतं. आमचा सेल मल्टिमीटरवर २.४ भरला. संपलेलाच.

बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढले. मग प्लग उपसला, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवली आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. कडेची क्लिप नखाने ढकलताच सेल टुणकन वर आला. नवा घेताना CR2032 हेच अक्षर-आकडे पाहा. CR2025 तेवढाच रुंद दिसतो, पण पातळ असल्याने सैल बसतो. अधिक चिन्ह वरच्या बाजूला.

नंतर बायोसमध्ये तारीख, वेळ आणि आधीच्या सेटिंग्ज फोटो बघून भरल्या. संगणक चालू असतानाच घड्याळ मागे पडत असेल, तर मात्र दोष बहुधा सेलचा नसतो.