कॉलेजचं नाव समितीला ठाऊक नसतं तेव्हा

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गणित विभागात पीएचडीचे अर्ज वाचायला बसलेल्या प्राध्यापकांपुढे भारतातल्या दोन मार्कलिस्ट आल्या आहेत असं समजा. एक आयआयटीची आणि दुसरी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका कॉलेजची. दुसरीवरचे गुण जास्त आहेत, तरी प्राध्यापकांना अर्थ लागतो तो पहिलीचाच. आयआयटीतून आलेली मुलं त्यांनी वर्गात पाहिलेली असतात, त्यामुळे तिथले ८० गुण म्हणजे काय याचा अंदाज त्यांना असतो. दुसऱ्या मार्कलिस्टवर ‘रिअल ॲनालिसिस’समोर ९२ लिहिलेत. या मुलीला प्रमेयं स्वतः सिद्ध करता येतात की परीक्षेआधीच्या आठवड्यात तिने अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही. समितीच्या मनात कॉलेजबद्दल तुच्छता असतेच असं नाही. बहुतेक वेळा माहितीच नसते, आणि ती भरून काढणं अर्जदाराच्या हातात असतं.

इथे पुष्कळ मुलं चुकीच्या वाटेला लागतात. एसओपीचा, म्हणजे उद्देशपत्राचा, पहिला अर्धा भाग गावात ग्रंथालय नव्हतं, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या होत्या, तरी जिद्द सोडली नाही यातच संपतो. हे सगळं खरं असतं. पण वाचणाऱ्याला त्यातून मुलीची परिस्थिती कळते, तिचं गणित कळत नाही. परिस्थितीला दोन वाक्यं पुरतात: अभ्यासक्रम संलग्न विद्यापीठ ठरवतं, आणि त्यात मेट्रिक स्पेसेसच्या पुढचं टोपॉलॉजी नव्हतं. बाकीची जागा ते टोपॉलॉजी कुठून आणि किती शिकलं, यासाठी ठेवावी.

‘मी रुडिन वाचलं’ एवढं म्हणूनही भागत नाही. वॉल्टर रुडिन यांचं ॲनालिसिसचं पाठ्यपुस्तक १९५३ साली आलं आणि गणितातलं करिअर करू पाहणाऱ्या जगभरच्या मुलांच्या टेबलावर आजही असतं. म्हणूनच ते वाचल्याचा दावा जवळपास प्रत्येक अर्जात सापडतो. वाचलं म्हणजे नेमकं काय केलं, हा प्रश्न राहतोच.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. आपली काल्पनिक विद्यार्थिनी रुडिनच्या सातव्या प्रकरणापर्यंत पोचली आहे. तिथे फलांच्या, म्हणजे फंक्शन्सच्या, मालिका भेटतात. ० ते १ या अंतरात x, मग x², मग x³ असे आलेख काढत गेलं तर प्रत्येक आलेख पेन न उचलता काढता येतो. गणितात अशा फलाला सलग म्हणतात. पण घात वाढत गेला की आलेख शून्याला चिकटत जातो आणि फक्त १ पाशी वर उडी घेतो. म्हणजे सलग फलांची सीमा सलग असेलच असं नाही. हे तर वर्गातही सांगतात. याच प्रकरणात पुढे एक जास्त चमत्कारिक उदाहरण आहे: परिमेय संख्यांवर १ आणि अपरिमेय संख्यांवर ० अशी किंमत घेणारं फल. ते कुठेच सलग नाही, तरी एकापाठोपाठ एक अशा दोन सीमा घेऊन साध्या कोसाइनपासून ते तयार करता येतं.

इथे तिने पुस्तकात न विचारलेला एक प्रश्न वहीत लिहिला: दोन सीमा लागतातच का, एकीत का होत नाही? तिने आधी खटपट करून पाहिली, जमलं नाही. मग कधीच जमणार नाही असं सिद्ध करायला गेली, तेही अडलं. शोधता शोधता फ्रेंच गणिती रने बेर यांचं १८९९ सालच्या प्रबंधातलं काम तिच्या हाती लागलं. सलग फलांची एकच सीमा घेतली तर मिळणारं फल कितीही खडबडीत असो, प्रत्येक लहानशा अंतरात ते कुठे ना कुठे सलग असतंच. म्हणून ते चमत्कारिक फल एका सीमेत मिळणं अशक्य. ही सिद्धता तिने समजून घेतली, स्वतःच्या शब्दांत पायरीपायरीने मांडली आणि आठ-दहा पानांचं टिपण तयार केलं.

एसओपीत हे पाच-सहा वाक्यांत येतं: प्रश्न कुठून आला, आपला पहिला प्रयत्न कुठे अडला, कोणतं प्रमेय वापरलं, कोणती पायरी समजायला जड गेली. निकाल बेर यांचा आहे हेही स्पष्ट लिहायचं. जुना निकाल आपलाच शोध असल्यासारखा मांडला तर जाणकार वाचक ते चटकन ओळखतो, आणि मग बाकीच्या अर्जावरही त्याचा भरवसा राहत नाही. माझ्या मते अडलेल्या जागेचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण सिद्धता पाठ करणाऱ्याला ते लिहिता येत नाही.

तरीही हा सगळा अर्जदाराचा स्वतःचा शब्द. एकट्याने केलेल्या अभ्यासाचं दुबळेपण तेच आहे, त्याला साक्षीदार नसतो. साक्ष येते शिफारसपत्रातून. साधारण तीन पत्रं लागतात, आणि आपल्याकडची बरीचशी पत्रं ‘विद्यार्थिनी प्रामाणिक व कष्टाळू असून वर्गात प्रथम आली’ इथेच संपतात. त्यात सरांचा दोष थोडाच असतो. त्यांनी तिचं परीक्षेबाहेरचं काम पाहिलेलंच नसतं. म्हणून टिपण पूर्ण झाल्यावर ते एखाद्या प्राध्यापकांसमोर फळ्यावर मांडायला हवं, आणि त्यांनी मध्येच अडवून ‘हे का?’ असं विचारायला हवं. मग त्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं काहीतरी येतं. कॉलेजात तसं कोणी नसेल तर बाहेर जावं लागतं. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला एमटीटीएस हा उन्हाळी उपक्रम यासाठी फार उपयोगी. तिथे व्याख्यान ऐकत बसण्यापेक्षा विद्यार्थ्यांनीच उत्तरं शोधण्यावर भर असतो, त्यामुळे शिकवणाऱ्यांना प्रत्येकाचा विचार कसा चालतो ते दिसतं. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपमधून एखाद्या संशोधकाकडे दोन महिने काम करता येतं. अशा ठिकाणी आयआयटीची मुलंही शेजारी बसलेली असतात. ‘त्यांच्या तोडीची आहे’ असं पत्रात आलं, तर त्या ९२ गुणांचं वजनही समितीला कळतं.

तिसरा आधार बाहेरच्या परीक्षेचा. जीआरईची गणित विषयाची परीक्षा ६६ प्रश्नांची असते आणि त्यातले सुमारे निम्मे प्रश्न कॅल्क्युलसवरचे. पुष्कळ विभागांनी ती ऐच्छिक केली आहे, काही तर गुण बघतही नाहीत. जिथे बघतात तिथे अनोळखी कॉलेजच्या विद्यार्थ्याने ती द्यावी, कारण हा आकडा समितीच्या ओळखीचा असतो. मात्र चांगल्या गुणांनी पाया पक्का आहे एवढंच ठरतं. वहीतल्या त्या प्रश्नाची जागा ते घेत नाहीत.

काही गोष्टी मात्र यातल्या कशानेच सुटत नाहीत. तीन वर्षांची बीएससी काही विद्यापीठांना पीएचडीसाठी पुरेशी वाटत नाही आणि अर्ज विभागापर्यंत पोचण्याआधीच कार्यालयात अडतो. फी भरण्यापूर्वी हे ईमेल करून विचारून घ्यावं. जर्मनीत तर पीएचडीआधी मास्टर्स लागतेच असं धरून चालावं. अशा वेळी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, भारतीय सांख्यिकी संस्था किंवा आयसरमध्ये मास्टर्स करून मग बाहेर अर्ज करणं हा लांबचा पण भरवशाचा रस्ता आहे. तिथल्या प्रवेशपरीक्षेला आणि मुलाखतीला पदवीचं कॉलेज कुठलं हे फारसं आड येत नाही. मुलाखत घेणारे फळ्याकडे बोट दाखवतात आणि विचारतात, सध्या काय वाचताय? बेरचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येतो, ‘प्रत्येक अंतरात सलग बिंदू का मिळतो, ते दाखवा.’