गालावरची सावली, भुवईवरचा केस

हळदीचे फोटो बरेचदा उघड्या अंगणात, भर उन्हात निघतात. नवरीला हळद लावायला करवलीचा हात पुढे येतो आणि त्याची बोटं गालावर काळी उमटतात. त्याच फोटोत वाऱ्याने सुटलेला एक केस कपाळावरून भुवई ओलांडून डोळ्यापर्यंत आलेला असतो. घरचे म्हणतात, ‘दोन्ही पुसून द्या.’ पण ही कामं एका जातीची नाहीत. सावलीखाली त्वचा शाबूत असते, तिच्यावर प्रकाश तेवढा कमी पडलेला असतो. केसाखालची त्वचा मात्र कॅमेऱ्याने टिपलेलीच नसते. म्हणून सावली उजळायची आणि केसाच्या जागी शेजारची त्वचा आणायची. सावलीवरही शेजारची त्वचा चिकटवली, तर गालावरचा तीळ आणि खळी नाहीशी होते. नवरीच्या आईला ते पहिल्या नजरेत कळतं.

आधी सावली घ्यावी. गिम्प या मोफत प्रोग्राममध्ये फोटोच्या थराची प्रत काढायची आणि Colors मेनूतलं Curves उघडायचं. हात सूर्याला अडवतो, आकाशाला नाही. त्यामुळे उघड्यावरची सावली निळसर असते आणि तिच्यातली हळद मळकट दिसते. नुसता उजेड वाढवला तर तो मळकटपणाही उजळतो. म्हणून लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे वाढवायचे. समजा, उन्हातल्या गालाचे आकडे लाल 228, हिरवा 176, निळा 92 आहेत आणि लगतच्या सावलीतले 118, 96, 70. लाल जवळजवळ दुप्पट करायचा आहे, निळा मात्र जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने. हे आकडे एकाच ठिपक्यावरून घेऊ नयेत, रंध्रांमुळे ते फसवतात. थोड्या जागेची सरासरी घ्यावी.

आता उजळलेल्या थराला काळा मास्क लावायचा, म्हणजे तो पूर्ण झाकला जातो. मग मऊ ब्रशने पांढरा रंग फिरवत फक्त बोटांच्या सावलीपुरता तो उघडायचा. खरी कसोटी इथे, कडेवर लागते. सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून सावलीची कड अंतराच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी पुसट होते. हात गालापासून अर्धा मीटर दूर असेल तर कड जवळपास पाच मिलिमीटर पसरते. बोटं टेकत आली असतील तर ती रेघेसारखी तीक्ष्ण असते. एकाच हाताच्या सावलीत दोन्ही प्रकारच्या कडा सापडतात, त्यामुळे ब्रशचा मऊपणा जागेनुसार बदलावा लागतो. मास्क आखूड पडला तर काळपट रेघ उरते, बाहेर गेला तर पांढुरकी किनार दिसते.

सावली शंभर टक्के घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. उन्हातल्या गालावर चकाकी असते, नाकाची छोटी सावली असते. हाताच्या सावलीत या दोन्ही गोष्टी मुळातच नसतात. तो भाग पूर्ण उजळला की पावडर थापल्यासारखा सपाट दिसतो. हलकी छटा राहू दिली तर चेहरा खरा वाटतो. शिवाय गडद भाग जितका जास्त उजळावा तितके त्यातले रंगीत कण वर येतात. मोबाईलच्या जेपीजीत ते लवकर दिसतात, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये उशिरा.

मग केस. नव्या रिकाम्या थरावर, Sample merged चालू ठेवून हील टूल घ्यायचं. ब्रश केसापेक्षा किंचित रुंद हवा, कारण केसालगत त्याची बारीक सावलीही पडलेली असते आणि ती राहिली तर सुरकुती वाटते. कंट्रोल दाबून अगदी शेजारची त्वचा निवडायची आणि लहान लहान तुकड्यांत पुढे जायचं. दर तुकड्याला नवी जागा निवडावी, नाहीतर तीच रंध्रं पुन्हा पुन्हा दिसतात. हील शेजारचा पोत आणतं आणि रंग आसपासच्या जागेशी जुळवतं. म्हणूनच भुवईच्या कडेला ते फसतं: भुवईचा काळा रंग त्वचेत ओढला जातो आणि डाग पडतो. तिथे क्लोन टूल वापरायचं, भुवईच्या केसांच्या दिशेने. केस मुळापर्यंत काढावा. अर्धवट तुटलेला केस आधीपेक्षा जास्त खुपतो.

बुबुळावरून गेलेला केस सगळ्यात अवघड. दुसरा डोळा उलटा करून बसवायचा मोह होतो, पण मग डोळ्यातली प्रकाशाची टिकली चुकीच्या बाजूला येते.

लेन्सवर पडलेल्या प्रकाशाचा पट्टा सावलीच्या नेमका उलट. तिथे जादा उजेड मिसळलेला असतो, म्हणून तोच मास्क वापरून तो भाग गडद करायचा आणि कॉन्ट्रास्ट वाढवायचा. पण पट्ट्यातले आकडे तिन्ही रंगांत 255 झाले असतील, तर तिथे काहीच उरलेलं नसतं. अशा वेळी फोटोग्राफरकडे लगतची फ्रेम मागावी. हळदीत तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि चेहऱ्याचा कोन तसाच असलेल्या फ्रेममधून तेवढा गाल किंवा डोळा आणून बसवता येतो.