कार्डावरची लाल अक्षरे



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. दोन्ही गुडघे सुजलेले, अंगात ताप, आणि चार पावले चालली तरी धाप लागत होती. आईने पदरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड काढून माझ्या हातात दिले. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिले होते, ‘पेनिसिलीनची ॲलर्जी’. त्या दोन शब्दांमुळे काय काय झाले आणि ते पुसण्यासाठी आम्ही काय केले, ते या अंकात सांगते.

या मुलीला बाराव्या वर्षी रुमॅटिक ताप आला होता. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा दुखतो, आणि काही मुलांत त्यानंतर दोनतीन आठवड्यांनी शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र खराब होऊ शकते. असा घसा पुन्हा दुखला तर ताप पुन्हा उलटतो आणि दर वेळी झडप आणखी बिघडते. म्हणून या मुलांना बेन्झाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन ते चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. झडप खराब राहिली असेल तर शेवटच्या तापापासून निदान दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातले जे लांबचे असेल तोपर्यंत.

तिला तीन वर्षे ही इंजेक्शने नीट मिळाली. पंधराव्या वर्षी एका दवाखान्यात इंजेक्शन घेताना ती कोसळली. तेव्हा कार्डावर ती लाल अक्षरे आली, इंजेक्शन बंद झाले आणि त्याऐवजी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक, रात्री एक. या गोळ्यांनी पोट दुखते, मळमळते. त्यात दिवाळीनंतर घरचे सगळे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पहाटे फडात जायचे आणि अंधार पडल्यावर पालावर परतायचे, अशा दिवसांत रोज दोन गोळ्या कोण सांभाळणार? गोळ्या चुकत गेल्या आणि ताप उलटला. हृदयाच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूच्या झडपेची गळती पूर्वी थोडी होती, ती आता मध्यम झाली होती.

म्हणून तिच्यासाठी प्रश्न एकच होता. तिला खरोखर पेनिसिलीनची ॲलर्जी आहे का?

जगभरातला अनुभव असा आहे की ज्यांच्या कागदावर हा शिक्का असतो, त्यांची नीट तपासणी केली तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना पेनिसिलीन चालते. याची कारणे साधी आहेत. लहानपणी विषाणूच्या तापात अंगावर पुरळ उठते आणि त्याच वेळी औषध चालू असते, तर दोष औषधावर जातो. कुणाला जुलाब किंवा उलटी होते. तो औषधाचा त्रास खरा, पण ती ॲलर्जी नव्हे. आणि ज्यांना खरी ॲलर्जी होती, त्यांच्यातही ती कायम राहत नाही. औषध पुन्हा दिले गेले नाही तर दहा वर्षांत दहापैकी साधारण आठ जणांची ती निघून जाते.

तपासणीची सुरुवात सुईने होत नाही, विचारण्याने होते. मी आईला जवळ बसवले. आमच्या आशाताई दुभाषी म्हणून होत्या.

“ताई, त्या दिवशी सुई टोचल्यावर किती वेळाने ही पडली?”

“लगेच, डॉक्टरबाई. सुई अजून बाहेर निघायची होती.”

“अंगावर गांधी उठल्या? खाज आली? ओठ, डोळे सुजले? श्वास घेताना आवाज आला?”

“नाही. पांढरी पडली, घाम फुटला, हात थंड झाले. खाली निजवली तर थोड्या वेळात उठून बसली.”

“काही औषध द्यावे लागले?”

“पाणी पाजले फक्त.”

पुढे विचारले तेव्हा कळले की त्या दिवशी ती पहाटे उपाशी निघाली होती, दोन तास चालली होती आणि उभ्यानेच इंजेक्शन घेतले होते. बेन्झाथिन हे घट्ट, पांढरे, फार दुखणारे इंजेक्शन आहे. उपाशी पोटी, उभे असताना अशी कळ आली की नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि माणूस घेरी येऊन पडतो. आडवे केले की काही मिनिटांत सावरतो. खऱ्या तीव्र ॲलर्जीत बहुतेक वेळा नाडी जोरात पळते, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, आणि माणूस नुसता आडवा करून बरा होत नाही.

ऐकलेली हकीकत मोजायला एक छोटी पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये ती मांडली. तिचे नाव पेन-फास्ट. प्रश्न तीनच. त्रास गेल्या पाच वर्षांत झाला असेल तर 2 गुण. त्यात तीव्र ॲलर्जीचा झटका आला, चेहरा किंवा ओठ सुजले अथवा कातडीची गंभीर प्रतिक्रिया झाली असेल तर 2 गुण. त्या त्रासासाठी उपचार करावे लागले असतील तर 1 गुण. बेरीज 3 पेक्षा कमी आली तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी. आमच्या मुलीला घटना चार वर्षांपूर्वीची म्हणून 2 गुण मिळाले, बाकी दोन्ही शून्य. अशा माणसाला डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर तोंडाने औषधाचा एक डोस देऊन पाहणे योग्य ठरते.

इथे कुणी विचारेल, हातावर टेस्ट डोस देऊन का पाहिले नाही? आपल्याकडे अनेक ठिकाणी इंजेक्शनचेच औषध पातळ करून कातडीत टोचतात आणि फुगवटा पाहतात. हे द्रावण नीट पातळ झाले नाही तर ॲलर्जी नसलेल्याची कातडीही लाल होते आणि एक नवा खोटा शिक्का बसतो. उलट फुगवटा आला नाही म्हणून धोका नाही असेही ठरत नाही. कातडीची खरी चाचणी वेगळ्या, खास तयार केलेल्या द्रावणांनी होते आणि ती आमच्यासारख्या दवाखान्यात मिळत नाहीत.

आधी आम्ही तिचा ताप आणि सांधे बरे होऊ दिले, कारण आजारी अंगावर उठलेले पुरळ कशाचे हे ओळखता येत नाही. ॲलर्जीची किंवा सर्दीची गोळी आधीचे पाच दिवस बंद ठेवली, कारण ती प्रतिक्रिया झाकते. दमा नाही, ती गरोदर नाही, याची खात्री केली. ठरलेल्या दिवशी सकाळी तिला भाकरी खायला घातली, खाटेवर बसवले, नाडी आणि रक्तदाब लिहून घेतला, अंगावर आधीचे पुरळ नाही हे पाहिले. उशाशी ऑक्सिजन, सलाइन आणि ॲड्रेनॅलिनचे 0.5 मिलिग्रॅमचे इंजेक्शन भरून ठेवले. गरज पडली असती तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे. मग अमॉक्सिसिलीनची 250 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिली. अमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्याच कुळातले. दर अर्ध्या तासाने आमच्या सिस्टरने तिला तपासले. एक तास पुरेसा असतो, पण तिचे गाव दूर म्हणून आम्ही दोन तास थांबवले. काहीही झाले नाही. उशिरा उठणारे पुरळ काही दिवसांनीही येऊ शकते, म्हणून पाचव्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन अंग पाहिले. स्वच्छ होते.

पुढच्या आठवड्यात तिला बेन्झाथिनचे 12 लाख युनिटचे इंजेक्शन दिले. या वेळी पोटभर खाऊन, पाणी पिऊन, पालथे निजवून, दुखू नये म्हणून औषधात लिग्नोकेन मिसळून, सावकाश. नंतर अर्धा तास तशीच निजवून ठेवली. आता दर एकवीस दिवसांनी ती येते. तिची झडप फार खराब असती आणि हृदय थकलेले असते, तर मी इंजेक्शनाऐवजी गोळ्यांचाच विचार केला असता; अशा रुग्णांना घेरीचा झटकासुद्धा जिवावर बेतू शकतो.

प्रत्येक शिक्का खोटा नसतो, हेही सांगितले पाहिजे. त्याच महिन्यात एक भाऊ आले होते. त्यांना मागच्या वर्षी पेनिसिलीनच्या इंजेक्शननंतर दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला आणि ॲड्रेनॅलिन देऊन त्यांचा जीव वाचला. त्यांचे गुण 5. त्यांच्या कार्डावरचा शिक्का आम्ही अधिक ठळक केला. ज्यांची औषधानंतर कातडी सोलून निघाली, तोंडात आणि डोळ्यांत फोड आले, किंवा यकृत, मूत्रपिंड बिघडले, त्यांच्यावर असा प्रयोग कधीही करायचा नाही, कितीही वर्षे झाली तरी. आणि कुणीही घरी स्वतः औषध घेऊन पाहू नये.

खोट्या शिक्क्याचे नुकसान फक्त हृदयाच्या रुग्णांचे होत नाही. पेनिसिलीन नाकारले की डॉक्टर अधिक व्यापक, अनेकदा अधिक महाग आणि जास्त त्रासाचे औषध देतात. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की हा शिक्का असलेल्यांत एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचा धोका 69 टक्क्यांनी आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल जंतूच्या गंभीर जुलाबाचा धोका 26 टक्क्यांनी अधिक होता. आणि गरोदर बाईला उपदंश असेल तर पोटातल्या बाळाला वाचवणारे भरवशाचे औषध पेनिसिलीन हेच.

शेवटचे काम कागदाचे होते, आणि तेच बहुतेक वेळा राहून जाते. शिक्का एका ठिकाणी पुसला आणि दुसऱ्या ठिकाणी राहिला तर तो परत येतो. आम्ही तिचे जुने कार्ड रद्द केले, आमच्या नोंदवहीत आणि आशाताईंच्या वहीत बदल केला, शाळेच्या आरोग्यपत्रिकेतलीही नोंद दुरुस्त करून घेतली. नवे कार्ड मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत लिहिले: कोणत्या तारखेला कोणते औषध दिले, काही झाले नाही, पेनिसिलीन चालते, पुढचे इंजेक्शन कधी, आणि इंजेक्शन निजवूनच द्यावे.

आपल्या घरात कुणाच्या कागदावर ही लाल अक्षरे असतील, तर आईला, आजीला विचारा: काय झाले होते, औषधानंतर किती वेळाने, कोणत्या वर्षी, कोणते उपचार करावे लागले, आणि त्यानंतर अमॉक्सिसिलीन कधी घेतले गेले का? ती उत्तरे लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा ऊसतोडीला गेली. जाताना आईने नवे कार्ड त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. तिसऱ्या आठवड्यात आशाताईंना तिचा फोन आला: तिथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टरने कार्ड वाचले, तिला आधी निजवले आणि मग इंजेक्शन दिले.