चित्रातलं केळं उचलणारं बाळ

नऊ महिन्यांच्या बाळापुढे बाटलीचं हुबेहूब चित्र धरलं, तर ते नुसतं बघत बसत नाही. हात घासतं, चिमटीत धरून बाटली कागदावरून उचलायला बघतं. ज्यूडी डिलोश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे प्रयोगातून दाखवलं. एकोणीस महिन्यांची मुलं मात्र तेच चित्र बोटाने दाखवू लागली होती. चित्र म्हणजे वस्तू नव्हे, ही समज मधल्या काळात येते आणि पुस्तक निवडायचं ते हे लक्षात ठेवूनच.

वर्षाच्या आतल्या बाळाला पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं पुस्तक द्यावं. पानावर एकच चित्र, मागे कोरी जागा: वाटी, चेंडू, मांजर. दुकानात ते पूर्ण उघडून टेबलावर आडवं करून बघा. शिवण किंवा डिंक कुरकुरला, तर घरी आठवडाभरही टिकणार नाही. कोपरे गोल हवेत, कारण ते तोंडात जाणारच. खेळ सोपा आहे. पुस्तकातली वाटी दाखवा, मग स्वयंपाकघरातली खरी वाटी बाळाच्या हातात द्या. उघडझाप करणाऱ्या खिडक्या आणि ओढायच्या पट्ट्या मुलांना आवडतात, पण लक्ष चित्राऐवजी पट्टीवरच राहतं. नवा शब्द शिकवायचा असेल, तर साधं पानच बरं.

दीड-दोन वर्षांनंतर जवळजवळ बिनशब्दांची पुस्तकं हाती घ्यावीत. माझं आवडतं म्हणजे पेगी रॅथमन यांचं १९९४ सालचं ‘गुड नाइट, गोरिला’. प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार रात्री फेरी मारतो. गोरिला त्याच्या किल्ल्या लांबवतो आणि एकेक पिंजरा उघडत जातो. एक उंदीर दोरीला बांधलेलं केळं ओढत मागून चालत असतो, आणि त्याच्याबद्दल पुस्तक एक शब्दही बोलत नाही. पालकांची चूक इथे होते: शब्द नाहीत म्हणून ते घाईघाईने गोष्ट सांगून मोकळे होतात. त्याऐवजी पान उघडून थांबा, मनात दहापर्यंत मोजा. मूल उंदरावर बोट ठेवेल. ‘उंदी’ म्हणालं, तर तुम्ही ‘हो, उंदीर केळं ओढतोय’ एवढंच जोडा. ‘हे काय आहे?’ असा मारा लावला, की त्याची परीक्षा होते आणि ते पान उलटून टाकतं.

दुसऱ्या दिवशी घरातला जुना किल्ल्यांचा जुडगा, एक केळं आणि दोरी काढा. मोठ्या किल्ल्याच घ्या, दोरी वीतभरच ठेवा आणि खेळ संपताच ती उचला. उशा मांडून पिंजरे करा, रखवालदार तुम्ही व्हा, किल्ल्या चोरायचं काम मुलाकडे.

चावून चावून पुठ्ठ्याचे थर सुटू लागले, की मात्र पुस्तक लगेच बाजूला काढा. तो ओला तुकडा घशात अडकू शकतो.